उतार कुणाच्या ताब्यात?

घोडेगावातून निघालेला कांद्याचा ट्रक नेवासा फाटा ओलांडून प्रवरासंगमला पोहोचतो, पुलावरून गोदावरी पार करतो आणि चालकाला गाडीचा वेगही फारसा कमी करावा लागत नाही. पूल नव्हता तेव्हा नगरहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या प्रत्येक सैन्याला इथे थांबून विचार करावा लागे. नदीला उतार आहे का, असला तर किती दिवस राहील, पलीकडे कोण उभे आहे, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय सरदार पुढचा मुक्काम ठरवत नसे.

नदी म्हणजे निसर्गाने बांधलेली तटबंदी, असे आपण शाळेपासून ऐकतो. पण आपल्या मुलखातल्या लढाया एकामागून एक तपासल्या तर दुसरेच चित्र दिसते. निश्चय केलेल्या सैन्याला नदी क्वचितच अडवते. ती सैन्याला काही तास, फार तर काही दिवस, दोन तुकड्यांत कापून ठेवते. ज्याने ते तास वापरले त्याच्या कामी नदी आली. जो नदीवर विसंबून राहिला त्याला तिने काहीच दिले नाही.

बचाव करणाऱ्याची अडचण आधी समजून घ्यावी लागते. शंभर मैलांच्या काठावर सगळीकडे माणसे उभी केली तर प्रत्येक ठिकाणी ती अपुरी पडतात. म्हणून पाहायचे असते ते उतार. वेगवान प्रवाह नसेल तर पायदळ साधारण ३ फूट पाण्यातून जाते आणि घोडदळ ४ फुटांतून. तोफखान्याला अडीच फुटांच्या आतच पाणी लागते, कारण दारूगोळ्याच्या पेट्या भिजल्या की तोफ निव्वळ ओझे होते. खोलीइतकाच तळही महत्त्वाचा असतो. वाळू किंवा मुरूम असेल तर ठीक, पण काळ्या मातीचा गाळ असेल तर पहिल्या दोन-तीनशे घोड्यांनंतर उताराचा चिखल होतो आणि मागच्या तोफा रुततात. काठ उभा असेल तर तो खणून बैलांना चढता येईल अशी उतरण करावी लागते. हे सगळे जुळून येणाऱ्या जागा मोजक्याच असतात आणि दोन्ही बाजूंना त्या ठाऊक असतात, निदान ठाऊक असायला हव्यात.

तेव्हा शहाणा बचाव असा: प्रत्येक उतारावर थोडे पहारेकरी, मुख्य फौज मागे एकत्र आणि शत्रू अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे असताना तिचा घाव. त्या घटकेला पाण्यातली माणसे लढू शकत नाहीत, पलीकडची मदतीला येऊ शकत नाहीत आणि अलीकडे आलेल्यांच्या पाठीला नदी असते. ही घटका साधणे हीच नदीच्या बचावाची सारी कला आहे.

गोदावरीवर ती एकदा फार नेमकी साधली गेली. मे १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. तिकडे मराठ्यांनी त्याच्या मुलखात तेच चालवले होते. पावसाळा सुरू झाल्यावर निजामअली औरंगाबादेकडे परतू लागला. ऑगस्टमध्ये तो आजच्या बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला गोदावरीकाठी आला. नदीला पूर होता. तो स्वतः काही फौजेनिशी उत्तर काठावर उतरला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. याच सुमारास नागपूरच्या जानोजी भोसल्यांना निजामाच्या बाजूकडून फोडण्यात पेशव्यांना यश आले होते. माधवराव आणि रघुनाथराव यांनी पाठलाग करत १० ऑगस्ट १७६३ रोजी दक्षिण काठावरची ही फौज गाठली.

लढाई एकतर्फी नव्हती. रघुनाथराव एकदा शत्रूच्या गराड्यात सापडले आणि अठरा वर्षांच्या माधवरावांनी कुमक घेऊन त्यांना सोडवले. पण विठ्ठल सुंदर पडला तेव्हा त्याच्या फौजेला मागे जायला वाट नव्हती आणि धन्याला पुढे येता येत नव्हते. निजामअली पलीकडे होता, जिवंत होता, फौज बाळगून होता, तरी त्या दिवसापुरता तो लढाईत नव्हताच. पुढच्याच महिन्यात औरंगाबादेला तह झाला. राक्षसभुवनची कथा बहुतेक वेळा माधवरावांच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते शौर्य खरेच होते. माझ्या मते मात्र त्या दिवसाचे मर्म वेळेत आहे. दोन दिवस उशीर झाला असता तर सगळी फौज पलीकडे गेली असती, आणि मग त्याच पुराने निजामाचे रक्षण केले असते.

याच्या बरोबर उलटे तीन वर्षांपूर्वी यमुनेवर घडले होते. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ यमुनेच्या पश्चिम काठावर दिल्लीत होते आणि अब्दाली पूर्व काठावर अडकला होता. नदी इतकी भरलेली होती की ऑक्टोबरमध्ये भाऊंनी उत्तरेला जाऊन पश्चिम काठावरचे कुंजपुरा जिंकले, तरी अब्दालीला आपल्या माणसांच्या मदतीला येता आले नाही. इथपर्यंत यमुना मराठ्यांची होती. मात्र भाऊ कुंजपुऱ्याच्या परिसरात असतानाच अब्दालीने खाली बागपतजवळ ऑक्टोबरच्या अखेरीस फौज पाण्यात घातली. पाणी उतरलेले नव्हते आणि त्याची बरीच माणसे वाहून गेली, पण फौज पार झाली. सोनीपतजवळ मराठ्यांचे लहानसे ठाणे होते, ते कापले गेले. उतारावर मोठा पहारा नव्हता आणि वेळेवर धावून येईल अशी फौज जवळपास नव्हती. अब्दाली भाऊ आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. पानिपतच्या कोंडीची सुरुवात बागपतच्या त्या दोन-तीन दिवसांत झाली. ज्या नदीने पहिले तीन महिने राखले तिच्यावर चौथ्या महिन्यात कुणी लक्ष ठेवले नाही.

आता १८०३ कडे येऊ, कारण ती मोहीम थेट आपल्या रस्त्याने गेली. मराठ्यांशी लढायचे तर पावसाळ्यात, असे आर्थर वेलस्लीचे मत युद्धाआधीच पक्के झाले होते आणि ते त्याने टिपण करून लिहूनही ठेवले होते. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या जूनपासून भरतात, तेव्हाच मोहीम सुरू करावी, असे त्याचे म्हणणे. ऐकायला हे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे ते नद्या उतरल्या म्हणून. वेलस्लीचा हिशेब वेगळा होता. मराठी घोडदळाचे बळ त्याच्या वेगात होते आणि भरलेल्या नद्या हा वेग मोडतात. ज्याच्याकडे होड्या तयार असतील त्याला मात्र त्याच नद्या आडकाठी करत नाहीत. शिवाय पावसाळ्यात बैलांना आणि घोड्यांना चारा मिळतो. १८०० साली धोंडजी वाघाच्या पाठलागावर असताना पुराने भरलेल्या मलप्रभेच्या काठी त्याने वाघाचा तळ गाठला होता आणि काठावर अडकलेल्या माणसांचे काय होते ते पाहिले होते.

१२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला त्याच्या हाती आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फौज उत्तरेला निघाली आणि प्रवरासंगमशेजारच्या टोक्याजवळ गोदावरी गाठून २४ ऑगस्टच्या सुमारास होड्यांतून पार झाली. वेताच्या टोपल्या विणून त्यांवर बैलांचे कातडे मढवायचे, अशा या होड्या होत्या. दक्षिणेतल्या नद्यांवर अशा गोल होड्या पूर्वीपासून चालत आल्या होत्या, त्याने नवे काही शोधले नव्हते. नवे एवढेच की त्या गरज पडण्याआधी तयार होत्या. हजारो माणसे, तोफा, दारूगोळा आणि असंख्य बैल असा हा पसारा आठवड्याच्या आत पलीकडे गेला.

या सगळ्यात टोक्याच्या उत्तर काठावर त्याला विरोध झाला नाही, ही गोष्ट मला सर्वात जास्त खटकते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज त्याच दिवसांत अजिंठ्याच्या घाटातून खाली उतरत होती. भरलेल्या गोदावरीवर टोक्याला दोन पलटणी आणि दहा-बारा तोफा असत्या तर टोपल्यांमधून येणाऱ्या शिपायांचे हाल झाले असते. वेलस्ली कदाचित दुसरीकडून उतरला असता, पण दिवस गेले असते. दिवस मिळवून देणे हेच तर नदीच्या बचावाचे काम.

पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला पारडे फिरले. शिंदे-भोसल्यांचा रोख गोदावरी उतरून हैदराबादच्या मुलखात जाण्याचा दिसत होता. त्या साली पाऊस कमी होता, पुढे दख्खनेत मोठा दुष्काळही पडला, आणि नदी अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागली. आता नदीचा बचाव वेलस्लीला करायचा होता. तो नदीच्या मागे जाऊन बसला नाही. उत्तर काठानेच खाली राक्षसभुवनच्या बाजूला सरकला आणि शत्रू व उतार यांच्यामध्ये राहिला. घोडदळ उताराला लागले असते तर त्याने तिथेच गाठले असते. शिंदे-भोसले परत उत्तरेला वळले आणि त्यांच्या कवायती पलटणी व तोफखाना त्यांना येऊन मिळाला.

मग २३ सप्टेंबर १८०३, आसई. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्या जवळजवळ समांतर वाहत येऊन एकत्र होतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मराठ्यांचा तळ होता. पायदळ आणि तोफा केळणेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून मांडल्या होत्या आणि घोडदळाचा मोठा जमाव पश्चिमेला भोकरदनकडे पसरला होता. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर होते, त्याचा मुख्य अंमलदार पोलमन नावाचा जर्मन, आणि तोफा शंभरावर. केळणेचे काठ उभे आहेत, समोरचे उतार मोजके. या रांगेवर समोरून येणारा शत्रू नदीतच भाजून निघाला असता. मांडणी म्हणून ती चांगली होती.

वेलस्लीकडे लढणारी माणसे सुमारे साडेचार हजार. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे घोडदळ वेगळे होते. समोरून जाणे अशक्य आहे हे त्याने पाहिले आणि तो शत्रूच्या डाव्या बगलेकडे, पूर्वेला निघाला. वाटाड्यांनी सांगितले की तिकडे उतार नाही. दुर्बिणीतून त्याला पिंपळगाव आणि वरुड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. इतकी जवळ वसलेली गावे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. कॅप्टन जॉन्सन या आपल्या इंजिनिअर अधिकाऱ्याला त्याने तपासायला पाठवले आणि उतार निघाला.

ही गोष्ट वेलस्लीच्या हुशारीची म्हणून जगभर सांगतात. मला ती दुसऱ्या बाजूने वाचाविशी वाटते. पिंपळगाव-वरुडचा उतार त्या दोन्ही गावांतल्या पोराटोरांना ठाऊक असणार. मराठी फौज त्याच भागात तळ देऊन होती. गुरे पाण्यावर नेणाऱ्या कुणालाही विचारले असते तरी कळले असते. तिथे एक पलटण आणि चार तोफा ठेवल्या असत्या तर वेलस्लीला दुपारी तीनच्या सुमारास पाण्यात उतरता आले नसते. आणि पहारा ठेवला नव्हता तरी अर्धी फौज उतरलेली असताना घोडदळ सोडता आले असते. तेही झाले नाही. लांबून तोफांचा मारा तेवढा झाला. नदी ओलांडताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके गोळ्याने उडाले आणि घोडा ते धड पाठीवर घेऊन काही क्षण धावत राहिला. मारा किती नेमका होता ते यावरून कळते. पण निव्वळ तोफांनी उतार बंद होत नाही, त्यासाठी काठावर पायदळ लागते. वेलस्लीने आपले देशी घोडदळ दक्षिण काठावरच ठेवले, म्हणजे शिंद्यांचे घोडदळ मागून आले तर ते थोपवता येईल. हल्ला करणाऱ्याने पाठीमागच्या काठाची इतकी काळजी घेतली, आणि बचाव करणाऱ्याने बगलेच्या उताराची घेतली नाही.

पोलमनने पुढे जे केले ते मात्र कौतुकाचे आहे. दक्षिणेकडे तोंड असलेली आख्खी रांग त्याने काटकोनात वळवून पूर्वेकडे उभी केली. तिचे एक टोक केळणेवर आणि दुसरे जुईकाठच्या आसई गावावर टेकले. शत्रूच्या डोळ्यांदेखत अशी फिरती मांडणी करणे त्या काळच्या युरोपातल्या पलटणींनाही अवघड जाई. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. त्याला वाटले होते बगल मिळेल, मिळाली ती नवी समोरची रांग. आसईकडे भरकटलेली ७४वी पलटण गावातल्या तोफांपुढे जवळजवळ संपली आणि मॅक्सवेलच्या घोडदळाने उरलेली वाचवली. मॅक्सवेल पुढे त्याच लढाईत मारला गेला. इंग्रजांचे मेलेले-जखमी दीड हजारांवर गेले, म्हणजे लढणाऱ्यांतला तिसरा हिस्सा.

तरी नद्यांनी शेवटी कुणाला साथ दिली? त्या अरुंद पट्ट्यात मराठ्यांची संख्या पसरू शकली नाही, वेलस्लीच्या छोट्या फौजेला वेढता आले नाही, कारण तिच्या दोन्ही बगलांना पाणी होते. आणि रांग मोडली तेव्हा पायदळाच्या पाठीशी जुई होती. माणसे पार गेली, पण तोफा गेल्या नाहीत. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. बचावासाठी निवडलेल्या दोन नद्यांपैकी एक शत्रूने बिनविरोध ओलांडली आणि दुसरीने आपलाच तोफखाना अडवला.

उतार उघडा सापडला नाही तर काय करायचे? तेव्हा पहाऱ्याला थकवायचे. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी अलेक्झांडरने रात्रीमागून रात्री घोडदळ काठावर पळवले आणि आरडाओरडा करवला. पोरसाने सुरुवातीला दर वेळी हत्ती हलवले, मग कंटाळून सोडून दिले. त्यानंतर एका वादळी रात्री अलेक्झांडर तळापासून बराच वर, झाडीने भरलेल्या बेटाच्या आडून पार झाला. पोरसासमोरचा तळ जागच्या जागी ठेवलेला होता, त्यामुळे पोरसाला आधी कळेना की खरा हल्ला कुठला.

हीच युक्ती सुमारे २२७० वर्षांनी इटलीत वापरली गेली आणि तिथे आपल्या नगर जिल्ह्यातला माणूस होता. ९ एप्रिल १९४५. सेनियो नदी. ती गोदावरीपुढे ओढा म्हणावी एवढी, पाणी चार-पाच फूट. पण पूर रोखण्यासाठी तिच्या दोन्ही काठांना सुमारे तीस फूट उंचीचे मातीचे बांध घातलेले होते. जर्मनांनी त्या बांधांत बोगदे खणून ठाणी केली होती, भोवती सुरुंग पेरले होते. नदी खोल नव्हती, काठ किल्ल्यासारखे होते. इथे बगल देणारा उतार नव्हता, सगळी लांबी धरलेली होती. मित्रसैन्याने विमानांनी आणि तोफांनी दुपारभर मारा केला. मारा मधेच थांबवायचा, जर्मन बोगद्यांतून बाहेर येऊन हल्ल्याची वाट पाहू लागले की पुन्हा सुरू करायचा, असे अनेकदा केले. शेवटी खऱ्या हल्ल्याच्या वेळी बांधांवर ज्वाला फेकणाऱ्या गाड्या चालवल्या आणि संध्याकाळी पायदळ पुढे गेले.

एवढे करूनही काही ठाणी शाबूत राहिली. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते, वय २३, काम कंपनी रनरचे. बांधाच्या आतल्या बाजूला असलेल्या निदान तीन मशिनगन ठाण्यांचा मारा त्यांच्या तुकडीवर आला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले आणि सोबतच्या बाकीच्यांत जाधवच तेवढे बचावले. त्यांनी एका जखमीला उचलले, छातीइतक्या पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोहोचवले. परत जाऊन दुसऱ्याला आणले. मग ते पुन्हा ठाण्यांकडे वळले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब वापरले. तिन्ही ठाणी गप्प झाल्यावर ते बांधावर उभे राहिले, महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

व्यक्तीचे शौर्य बाजूला ठेवून पाहिले तरी या घटनेत नदी ओलांडण्याच्या लढाईचे गणित उघडे पडते. पहिल्या लाटेतली मूठभर माणसे पलीकडचा काठ घट्ट धरेपर्यंत मागची सगळी फौज असून नसल्यासारखी. तिच्या तोफा, तिचे रणगाडे, तिची विमाने त्या क्षणी तीन मशिनगनींपुढे थांबलेली असतात. काठ मिळाला की मग पूल पडतो आणि संख्या कामी येते. राक्षसभुवनला हे उलट्या बाजूने दिसले होते, तिथे पार झालेली फौज मागच्यांच्या उपयोगी पडली नाही.

म्हणून चारही ठिकाणांचा निकाल माझ्या दृष्टीने सारखाच लागतो. बागपत, टोका आणि पिंपळगाव इथे नदी भरलेली किंवा काठ उभा होता, तरी ती ओलांडली गेली, कारण पलीकडे पुरेसे कुणी नव्हते. सेनियो ओढ्याएवढी असूनही तिच्यासाठी रक्त सांडावे लागले, कारण तिथे काठ धरलेला होता. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मेघनेवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवला, तेव्हा जनरल सगतसिंगांनी हेलिकॉप्टरांनी माणसे पलीकडे उतरवली. पूल पाडणाऱ्यांनी नदीवर विसंबून पलीकडचा किनारा मोकळा सोडला होता.

टोक्याचे जुने उतार आता जायकवाडीच्या फुगवट्याखाली गेले आहेत, ते पाहता येत नाहीत. केळणा मात्र पाहता येते. आसईला जाणाऱ्या वाचकांना विनंती आहे की गाव आणि कबरी पाहून परत फिरू नये. सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावे, आधी पिंपळगावच्या बाजूने नदीवर जावे, काठ किती उभा आहे आणि पाणी किती आहे ते बघावे, आणि तिथून आसईकडे पाहून किती माणसांनी हा उतार रोखता आला असता ते स्वतः मोजावे.